‘पास्ड अवे’ मराठीत कसं आणायचं: सौम्य शब्दांचा अनुवाद करताना

आधी पाहा, वाक्य कोण कोणाला म्हणतंय. नर्स पेशंटला, मुलगी मावशीला की वर्तमानपत्र सगळ्यांना? हे एका ओळीत मूळ मजकुराच्या कडेला लिहून ठेवा. मग शब्दकोश मिटून ठेवा. ‘मृत्यूसाठी शंभर सुंदर पर्याय’ छापाच्या याद्याही नकोत, कारण त्यांत कुठला शब्द कुठे शोभतो ते कधीच लिहिलेलं नसतं.

आता खरी अडचण. सौम्यपणाला वजन असतं आणि ते दोन्हीकडे सारखं ठेवावं लागतं. मीही इथे बराच काळ अडखळत असे. इंग्रजीत ‘पास्ड अवे’ हा घरात, दुकानात, फोनवर सहज निघणारा शब्द आहे. त्याला ‘स्वर्गवासी झाले’ किंवा ‘अनंतात विलीन झाले’ लावलं की साधं वाक्य शोकसभेत जाऊन बसतं. ‘निधन झाले’ ही बातमीची भाषा आहे; ‘अल्पशा आजाराने निधन’ छापील चौकटीत शोभतं, पण आईबद्दल बोलणाऱ्या मुलीच्या तोंडी कागदी वाटतं. घरात माणूस ‘गेला’ किंवा ‘वारला’ म्हणतात. लहान मुलाला सांगताना ‘देवाघरी गेली’. दुसऱ्या टोकाला ‘खपला’, ‘ढगात गेला’ आहेत. इंग्रजीत थट्टेचा सूर असेल तरच तिकडे जा.

एक वाक्य करून पाहू. पत्रात लिहिलंय: ‘वी लॉस्ट मदर ऑन ट्यूजडे. शी पास्ड पीसफुली आफ्टर अ लाँग इलनेस.’ यातलं ‘लॉस्ट’ पाहून ‘आम्ही आईला गमावले’ लिहिणारे खूप आहेत. पत्रकार तसं लिहितात म्हणून ते घरगुती होत नाही. मी लिहीन: ‘मंगळवारी आई गेली. बरेच दिवस आजारी होती. शेवटी त्रास झाला नाही.’ यात ‘शांतपणे’ हा शब्द आला नाही, पण तो ज्यासाठी होता ती गोष्ट आली. मराठी माणूस धीर देताना नेमकं हेच सांगतो. आणि ‘गेली’ इतकं साधं आहे की ते मऊ लागतं. त्याला विशेषण जोडलंत तर मऊपणा जातो.

एक सावधगिरी मात्र पाळाच. दवाखान्यात ‘पेशंट गेले’ म्हटलं की नातेवाइकाला ‘घरी गेले’ असंही ऐकू येऊ शकतं. डॉक्टरांच्या तोंडचं वाक्य असेल तर ‘आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही’ असं लिहा, आणि संमतिपत्रात धोका सांगताना सरळ ‘मृत्यू’. तिथे गुळगुळीत शब्द म्हणजे फसवणूक.

धर्माचा रंगही तपासा. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. तो कुणाच्याही नावामागे चिकटवायचा नसतो. वारकरी घरात ‘वैकुंठवासी’, मुस्लिम कुटुंबाबद्दल ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती कुटुंबाबद्दल ‘ख्रिस्तवासी’, लिंगायतांत ‘लिंगैक्य’. ‘महापरिनिर्वाण’ म्हटलं की आपल्याकडे आधी 6 डिसेंबर 1956 आठवतो, तो उचलून दुसऱ्याला लावू नका. धर्म माहीत नसेल तर ‘दिवंगत’ बरा.

देहधर्माचं सोपं आहे, वॉर्डात काय बोलतात ते ऐकलं की झालं. ऑपरेशननंतर नर्स विचारते ते ‘गॅस पास झाला का?’, ‘लघवीला झाली का?’, ‘पोट साफ झालं का?’ ‘मलविसर्जन केले काय’ असं पत्रकात छापलं की आजी तो कागद बाजूला ठेवते. ‘मल’, ‘मूत्र’ तपासणीच्या रिपोर्टातच राहू द्या.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, शब्दाऐवजी झाकण बघा. ‘तिला दिवस गेलेत’ हे ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ होतं. वजन जवळजवळ तेच. ‘कावळा शिवला’ मात्र मुलांपासून पाळी लपवायला, शिवाशिवीच्या प्रथेसोबत आलेला शब्द आहे. त्याला ‘टाइम ऑफ द मंथ’ केलंत तर शिवाशिव गायब होते. कथेत ती हवी असेल तर कावळा तसाच ठेवा आणि पुढच्या वाक्यात ती कोपऱ्यात वेगळी बसलेली दाखवा. ‘बांगडी वाढली’ला इंग्रजीत जोड नाही. तिथे ‘ब्रोक’ लिहून मोकळं व्हा. अशुभ टाळायची धडपड महत्त्वाची असेल तरच म्हाताऱ्या बाईचं ‘फुटली म्हणू नकोस गं’ हे वाक्य वर घाला.

शेवटी मोठ्याने वाचा, घरातल्या एखाद्या म्हातारीसमोर. तिने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर शब्द फार झाकला गेलाय. ती नुसती गप्प होऊन ‘कधी?’ म्हणाली तर ठीक बसलाय.