इनव्हॉल्यूट स्प्लाइनचे व्यास काढताना या चुका टाळा

"मॉड्यूल २, दाते २४. मेजर, मायनर आणि पिच डायमीटर सांगा." हा प्रश्न घाईत विचारला जातो, कुणीतरी तितक्याच घाईत तीन आकडे फेकतो आणि लेथवर ब्लँक चुकीच्या मापाला उतरतो. तीच ती चूक पुन्हापुन्हा बघून कंटाळा आला म्हणून हे लिहितो आहे.

मॉड्यूल आणि दाते एवढ्यावर फक्त पिच डायमीटर खात्रीने मिळतो. तो m × z, म्हणजे २ × २४ = ४८ मिमी. बाकीचे दोन व्यास दात्याची उंची किती ठेवली आहे यावर ठरतात, आणि ती उंची स्टँडर्ड सांगतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: कोणतं स्टँडर्ड? "स्प्लाइन आहे हो, साधी" असं उत्तर आलं की मी आकडे देत नाही.

गिअरचं सूत्र स्प्लाइनला लावणं

गिअर शिकून आलेला प्रत्येक जण हे एकदा तरी करतो. गिअरचा बाहेरचा व्यास m(z+2), म्हणून शाफ्टचाही तोच धरायचा, म्हणजे ५२. स्प्लाइनचे दाते मात्र आखूड असतात. ३० अंश प्रेशर अँगलच्या आयएसओ ४१५६ स्प्लाइनमध्ये दाता पिच सर्कलच्या वर फक्त अर्धा मॉड्यूल येतो. बुडाचंही तसंच आहे. गिअरच्या सूत्राने ४३ येतात, प्रत्यक्षात फ्लॅट रूटला ४५ हवेत.

हातात जुना शाफ्ट असेल तर ही चूक लगेच उघडी पडते. बाहेरचा व्यास ५० भरला, दाते २४ निघाले आणि गिअरच्या सूत्राने उलटं गणित केलं, तर ५० भागिले २६ म्हणजे मॉड्यूल १.९२३ येतो. असा मॉड्यूल कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. इथे सूत्र चुकलं हे ओळखायचं. नवशिके काय करतात? "झिजला असेल" म्हणतात आणि २ लिहून पुढे जातात. मॉड्यूल योगायोगाने बरोबर निघतो, पण मग ब्लँक त्याच चुकीच्या सूत्राने ५२ ला कापला जातो.

आयएसओ आणि डीआयएन एकच समजणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मॉड्यूल २, दाते २४, प्रेशर अँगल ३० अंश. हे वर्णन आयएसओ ४१५६ लाही लागू पडतं आणि डीआयएन ५४८० च्या `W 50 x 2 x 24` लाही. दोन्हींत पिच डायमीटर ४८ च आहे. पुढचे आकडे शेजारी मांडले की फरक दिसतो (सगळे नॉमिनल, मिमीमध्ये):

```
                 ISO 4156 (30°, flat root)   DIN 5480 (50 x 2 x 24)
शाफ्ट मेजर        m(z+1)   = 50               dB - 0.2m = 49.6
शाफ्ट मायनर       m(z-1.5) = 45               dB - 2.3m = 45.4 (हॉब)
हब मेजर           m(z+1.5) = 51               dB        = 50
हब मायनर          46.19                       dB - 2m   = 46
```

डीआयएनमध्ये सगळं गणित रेफरन्स डायमीटर `dB` वरून चालतं. तो बेअरिंगच्या मापाशी जुळावा म्हणून आधी ठरवलेला असतो, आणि दाते त्या व्यासात बसावेत म्हणून प्रोफाइल आत किंवा बाहेर सरकवलेली असते:

```
dB = m*z + 2*x*m + 1.1*m
50 = 48  + 4*x   + 2.2      =>  x = -0.05
```

हा `x` घात करतो. आयएसओमध्ये प्रोफाइल सरकवलेली नसते, त्यामुळे पिच सर्कलवर दात्याची जाडी अर्धा पिच, म्हणजे ३.१४२ मिमी. डीआयएनच्या या शाफ्टवर ती `π*m/2 + 2*x*m*tan α`, म्हणजे ३.०२६ मिमी. फरक ०.११५ मिमीचा. व्यास जवळजवळ सारखे आहेत म्हणून तो डोळ्याला दिसत नाही.

असंच एक काम माझ्यासमोर आलं होतं. जुन्या यंत्राचा हब फुटला होता, शाफ्ट शाबूत होता आणि ड्रॉइंग नव्हतं. ज्यांनी माप घेतलं त्यांना बाहेरचा व्यास ४९.५८ मिळाला. दाते २४. त्यांनी २५ ने भागलं, १.९८ आलं, वरून थोडा झिजला असेल असं म्हणून मॉड्यूल २ धरला आणि आयएसओचा हब बनवून घेतला. हब बसला, हाताने सरकत बसला, सगळ्यांना समाधान वाटलं. यंत्र सुरू केल्यावर दिशा बदलताना दर वेळी ठोका पडू लागला. २४ मिमी त्रिज्येवरचा ०.११५ चा खेळ ३०० मिमी लांब आर्मच्या टोकाला सुमारे १.४ मिमी होतो, आणि त्यात शाफ्टचं आणि हबचं टॉलरन्स वेगळं. दोष गेला हब कापणाऱ्यावर. त्याने तर दिलेल्या मापाला अचूक काम केलं होतं. मग "टाइट" दुसरा हब करायची चर्चा सुरू झाली, म्हणजे चुकीच्या स्टँडर्डलाच अंदाजाने कमी करत नेण्याची.

मी तो शाफ्ट मागवला आणि आधी शेंड्यांकडे पाहिलं. झीज बाजूंवर होते, कारण भार तिथे येतो. मेजर डायमीटर साधारण कोरा राहतो, कारण साइड फिटमध्ये शेंडा कशाला टेकतच नाही. इथे शेंड्यांवर टर्निंगच्या मूळ रेषा स्पष्ट होत्या. म्हणजे ४९.५८ हे झिजलेलं माप नव्हतंच. ५० मधून ०.२ मॉड्यूल वजा केला की ४९.६ येतात, आणि व्यास टॉलरन्सने त्याच्या किंचित खाली असणं अपेक्षितच आहे. संशय डीआयएनवर गेला तो तिथे.

खात्री पिनांनी केली. समोरासमोरच्या दोन खाचांत ४ मिमीच्या पिना ठेवून वरून मायक्रोमीटर लावायचा. अपेक्षित माप असं काढतात:

```
inv αp = s/D + dp/Db + inv α - π/z
M = Db/cos αp + dp       (Db = m*z*cos α = 41.569)
```

`s` दात्याची जाडी, `D` पिच डायमीटर, `dp` पिनेचा व्यास, आणि `inv α` म्हणजे `tan α - α`, कोन रेडियनमध्ये. आयएसओच्या जाडीने M ५४.४० येतो, डीआयएनच्या जाडीने ५४.२२. शाफ्टच्या कमी झिजलेल्या टोकाला माप ५४.२ च्या किंचित खाली आलं. नवा हब डीआयएनप्रमाणे कापला आणि ठोका गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की जुन्या शाफ्टचा बाहेरचा व्यास हा फक्त सुगावा मानायचा, निकाल पिनांच्या मापावर द्यायचा. बाहेरच्या व्यासाला (z+1) ने भागून १.९८ सारखा "जवळपास" आकडा आला की थांबायचं. `40 x 2 x 18` मध्ये अशी फसगत होत नाही. तिथे `x` ०.४५ आहे, डीआयएनचा शाफ्ट ३९.६ आणि आयएसओचा ३८, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते. जिथे आकडे जवळ येतात तिथेच लोक फसतात.

हब आणि शाफ्टचा मायनर एकच धरणं

शाफ्टचा मायनर ४५ निघाला की हबचं बोअरही ४५ करून मोकळे होणारे आहेत. मग हबच्या दात्याचा शेंडा शाफ्टच्या बुडातल्या गोलाईवर चढतो. असेंब्लीत हब घट्ट लागतो, लोक बाजू घासत बसतात आणि अडकलेलं असतं भलतीकडेच. अशा वेळी शेंड्यांना निळं लावून हब एकदा आत-बाहेर करावा. निळं बुडाजवळ उमटलं तर दोष बोअरचा आहे.

आयएसओमध्ये हबचा मायनर m आणि z च्या साध्या बेरीज-वजाबाकीने मिळत नाही, आणि घाईतल्या माणसाला हेच नको असतं. आधी शाफ्टचा फॉर्म डायमीटर काढावा लागतो, म्हणजे खरा इनव्हॉल्यूट जिथून सुरू होतो तो व्यास. नंतर त्यात दोन्ही बाजूंचा फॉर्म क्लिअरन्स, प्रत्येकी ०.१ मॉड्यूल, मिळवायचा. ३० अंशांसाठी, फिट h असताना:

```
DFE = 2*sqrt( (Db/2)^2 + (D*sin α/2 - 0.6*m/sin α)^2 )
    = 2*sqrt( 20.785^2 + (12 - 2.4)^2 ) = 45.79
हब मायनर = 45.79 + 2*0.2 = 46.19
```

हा किमान व्यास आहे, टॉलरन्स वरच्या बाजूला जातं.

बाकीच्या, थोडक्यात

फिलेट रूट असेल तर ३० अंशांत १.५ च्या जागी १.८ येतो. शाफ्ट मायनर ४४.४, हब मेजर ५१.६. ड्रॉइंगवर रूटचा प्रकार लिहिलेला नसेल तर विचारा, स्वतः ठरवू नका.

३७.५ अंशांत शाफ्ट मेजर m(z+0.9) आणि ४५ अंशांत m(z+0.8). (z+1) फक्त ३० ला.

आयएसओमध्ये फिट h पेक्षा ढिलं असेल, तर शाफ्टचे मेजर आणि मायनर दोन्ही `es/tan α` ने कमी होतात; `es` म्हणजे फिटने दात्याच्या जाडीत ठरवलेली घट. पिच डायमीटर तसाच राहतो. तो "ढिला" करणारे लोक मी पाहिले आहेत. m × z ला टॉलरन्स नसतं.

`DIN 5480 W 50 x 2 x 24` मधला पहिला आकडा रेफरन्स डायमीटर आहे. त्याला मॉड्यूलने भागून दाते काढू नका, दाते मोजा.

इंची स्प्लाइनवर `12/24` असं लिहिलेलं असतं. पिच डायमीटरसाठी दात्यांच्या संख्येला १२ ने भागायचं, उत्तर इंचात येतं, २४ चा आकडा दात्याच्या आखूडपणासाठी आहे. मॉड्यूल होतो २५.४/१२ = २.११७. तो २ करून टाकू नका.

विषम दाते असताना व्हर्निअरवर विश्वास ठेवू नका. एका जबड्याखाली दाता येतो आणि समोरच्या जबड्याखाली खाच, त्यामुळे तो जबडा दोन दात्यांवर आडवा टेकतो. मॉड्यूल २, दाते १३ असताना खरा बाहेरचा व्यास २८ असेल तर व्हर्निअर सुमारे २७.८ दाखवेल. ही घट सुमारे ०.१ मॉड्यूलएवढी आहे, म्हणजे आयएसओचा शाफ्ट डीआयएनच्या मापाकडे झुकलेला वाटतो. शाफ्ट सेंटरमध्ये धरा, शेजारच्या गोल भागाचा व्यास मायक्रोमीटरने घ्या आणि तिथून दात्याचा शेंडा किती वर आहे ते डायलने मोजा. पिनांच्या मापातही विषम दात्यांना `Db/cos αp` ला `cos(90°/z)` ने गुणून मगच पिनेचा व्यास मिळवा.