अल्ब्युमिनचं मोलर वस्तुमान निम्मंच का आलं? परासरण दाब मोजताना या चुका टाळा

फेब्रुवारीत पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एमएस्सीची दोन मुलं वही घेऊन माझ्याकडे आली. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या प्रथिनाचं मोलर वस्तुमान त्यांनी परासरण दाबावरून काढलं होतं, ते आलं 31,700 ग्रॅम प्रति मोल. पुस्तकात आहे सुमारे 66,500. "मॅडम, रेणू मधोमध तुटला असेल का?" असं त्यांनी विचारलं. शंका अगदी रास्त होती, कारण आकडा जवळजवळ निम्मा होता. पण अल्ब्युमिन ही एकच सलग साखळी आहे. तिचे आपोआप दोन सारखे तुकडे होत नाहीत. चूक प्रथिनात नव्हती, बफरमध्ये होती.

आधी मांडणी आणि सूत्र. अर्धपारगम्य पडदा लावलेल्या कोषात प्रथिनाचं द्रावण असतं, बाहेर नुसता बफर. पाणी पडद्यातून आत येतं आणि कोषाला जोडलेल्या नळीत द्रावण h इतकं वर चढून थांबतं. द्रावण पुरेसं विरळ असेल तर

M = RTc / (ρgh)

इथे R हा वायू स्थिरांक, T तापमान, c प्रथिनाचं प्रमाण, ρ द्रावणाची घनता आणि g गुरुत्वत्वरण. c ग्रॅम प्रति लिटर, h मीटर आणि बाकी सगळं एसआय एककांत घेतलं तर M किलोग्रॅम प्रति मोल येतं. एक हजाराचा घोळ इथेच होतो. 25 °से ला लिटरला 10 ग्रॅम अल्ब्युमिन असेल तर दाब साधारण 373 पास्कल, म्हणजे पाण्याचा जेमतेम 38 मिलिमीटर स्तंभ. मुलांना दिसले होते 80 मिलिमीटर. परासरण दाब कण मोजतो, त्यांचं वजन करत नाही. म्हणून वस्तुमान कमी आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: पडद्याच्या आत प्रथिनाशिवाय आणखी कोणते कण अडकलेत?

मुलांनी काय केलं होतं? "मिठाची लुडबुड नको" म्हणून बफर पातळ करून क्षारांचं प्रमाण 0.01 मोलरवर आणलं होतं, pH 7.4. हेतू चांगला, परिणाम उलटा. या pH ला अल्ब्युमिनच्या प्रत्येक रेणूवर सुमारे 17 ऋण भार असतात. त्यांना तोलायला तितकेच सोडियम आयन आत राहावे लागतात. पडद्यातून जाण्याइतके ते लहान आहेत, पण विद्युतभाराचा तोल त्यांना जाऊ देत नाही. मीठ अजिबातच नसेल तर एका रेणूमागे 18 कण मोजले जातात आणि वस्तुमान येतं 3,700 च्या आसपास. बाहेर मीठ असलं की आतला काही क्लोराइड बाहेर ढकलला जातो आणि आतल्या जादा आयनांची बरीच भरपाई होते. यालाच डोनान परिणाम म्हणतात. एकास एक आयनांच्या मिठासाठी दाब किती पटीने वाढतो ते असं काढता येतं:

1 + z²c / (4·M·m)

z हा भार, m हे मिठाचं मोलर प्रमाण, आणि इथे M मात्र ग्रॅम प्रति मोल. z = 17, c = 10, M = 66,500 आणि m = 0.01 घातलं की उत्तर येतं सुमारे 2.1. म्हणजे दाब दुप्पट, वस्तुमान निम्मं. मुलांचा आकडा त्यांच्याच बफरने समजावून दिला. m = 0.15 घेतलं तर हाच हिशोब 1.07 वर येतो. म्हणून मीठ टाळायचं नाही, मुद्दाम घालायचं. दुसरा मार्ग म्हणजे प्रथिनाच्या समविद्युत बिंदूजवळ काम करायचं, अल्ब्युमिनसाठी pH 5 च्या जरा खाली. तिथे निव्वळ भारच नसतो. पण हा मार्ग सगळ्या प्रथिनांना चालत नाही. केसीनचा समविद्युत बिंदू 4.6 च्या आसपास असतो आणि तिथे ते विरघळलेलं राहत नाही. दही लागतं ते यामुळेच.

बाहेरचं द्रावण मात्र तोच बफर हवा, ज्याच्याविरुद्ध तुम्ही प्रथिनाचं डायलिसिस केलं आहे. त्याच रेसिपीने नव्याने बनवलेला नव्हे, त्याच बाटलीतला. आत-बाहेर फक्त 10 मिलिमोलर मिठाचा फरक असला तरी सुरुवातीला त्याचा दाब पाण्याच्या पाच मीटर स्तंभाइतका असतो. मीठ पडदा ओलांडून समतोल साधेपर्यंत पातळी वेड्यासारखी वर-खाली होते, आणि घाईत घेतलेलं वाचन अशाच एखाद्या उंचीवर पडतं.

मुलांनी सगळं 0.15 मोलर मिठात पुन्हा लावलं. तरी पातळी स्थिर होईना. सकाळी एक, दुपारी दुसरी. फेब्रुवारीत पुण्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. कोषात 10 मिलिलिटर द्रावण होतं आणि नळीचा आतला व्यास अर्धा मिलिमीटर. एक अंश तापमान वाढलं की 10 मिलिलिटर पाणी सुमारे 2.6 मायक्रोलिटर फुगतं, आणि इतक्या बारीक नळीत ते 13 मिलिमीटर चढतं. मोजायचे आहेत 40 मिलिमीटर! आपण परासरणमापक नव्हे, तापमापी बनवून ठेवतो. सूत्रातला T एका अंशाने हलला तर फक्त 0.3 टक्के फरक पडतो, त्याची काळजी नको. काळजी या फुगण्याची. उपाय म्हणजे थर्मोस्टॅट असलेला वॉटर बाथ, 0.1 अंशाच्या आत स्थिर.

मग रुंद नळी का नको? 5 मिलिमीटरच्या नळीत 40 मिलिमीटर चढायला जवळपास 0.8 मिलिलिटर पाणी आत यावं लागतं. द्रावण आठ टक्के पातळ होतं आणि वेळही खूप लागतो.

बारीक नळीची दुसरी खोड केशाकर्षणाची. अर्ध्या मिलिमीटरच्या स्वच्छ नळीत शुद्ध पाणी नुसतंच सुमारे 59 मिलिमीटर चढतं. ही उंची वजा करायची हे मुलांना ठाऊक होतं, पण त्यांनी ती शुद्ध पाण्यावर मोजली होती. प्रथिनामुळे पृष्ठताण घटतो, त्यामुळे द्रावण तितकं चढत नाही आणि वजाबाकी काही मिलिमीटरने चुकते. त्याच नळीचा तुकडा त्याच प्रथिन द्रावणात बुडवून चढ मोजा आणि तोच वजा करा.

पातळी एकदा स्थिर झाल्यावर हळूहळू उतरतच राहिली तर पडद्यातून प्रथिन गळतंय. बाहेरच्या बफरचं प्रकाशशोषण 280 नॅनोमीटरला तपासलं की लगेच कळतं.

शेवटची चूक एकाच वाचनावर थांबण्याची. मुलांची नवी वाचनं अशी होती: लिटरला 10, 20, 30 आणि 40 ग्रॅमला 42, 92, 148 आणि 214 मिलिमीटर. फक्त शेवटचं घेतलं तर वस्तुमान 47,400 येतं, पहिलं घेतलं तर 60,400. रेणू एकमेकांची जागा अडवतात आणि उरलेला डोनान परिणामही c बरोबर वाढतो, म्हणून h/c स्थिर राहत नाही. ते 4.20 वरून 5.35 पर्यंत चढत गेलं. फार पातळ द्रावण घेऊनही सुटका नाही: लिटरला 2 ग्रॅमला उंची जेमतेम 8 मिलिमीटर, त्यात वाचनाची एक मिलिमीटर चूक म्हणजे तेरा टक्के.

आलेखावर h/c विरुद्ध c मांडून रेषा c = 0 पर्यंत मागे नेली. छेद 3.82 च्या जवळ आला, त्यावरून M सुमारे 66,400. 1925 मध्ये शास्त्रज्ञ गिल्बर्ट अडेर यांनी परासरण दाबावरूनच हिमोग्लोबिनचं वस्तुमान सुमारे 67,000 काढलं होतं. लोहाच्या प्रमाणावरून ते 16,700 च्या आसपास येत होतं, म्हणजे एका रेणूत चार लोह. पट दिसली की रेणू तुटला की जुळला हा प्रश्न विचारावाच, पण बफरच्या बाटलीवरचा आकडा वाचून झाल्यावर.