एका मिनिटाचे वाचन आणि पाच प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांची वाचन-तपासणी

या तपासणीला एका मुलामागे चार-पाच मिनिटे लागतात. दोन कागद, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढे जवळ असले की पुरे.

उतारा साधारण 60 शब्दांचा, गोष्टीसारखा आणि मुलाने आधी न वाचलेला घ्या. पाठ्यपुस्तकातला नको, कारण बरीच मुले तो पाठच म्हणून दाखवतात. मुलाची प्रत मोठ्या अक्षरांत काढा. आपल्या प्रतीवर प्रत्येक ओळीशेवटी तिथपर्यंतच्या शब्दांची बेरीज लिहून ठेवा :

राजू शाळेतून घरी निघाला. (4)
रस्त्याच्या कडेला एक पिल्लू कुडकुडत बसले होते. (11)
राजूने दप्तर खाली ठेवले. (15)
रुमाल काढून त्याने पिल्लाला पुसले. (20)

मुलाला एकट्याला शेजारी बसवा आणि सांगा, "हे मोठ्याने वाच. नंतर मी गोष्टीबद्दल विचारणार आहे." हे दुसरे वाक्य गाळू नका. ते ऐकले नाही तर मूल नुसते पळत सुटते. पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू करा, एक मिनिट झाले की शेवटच्या शब्दापुढे उभी रेघ मारा. पहिल्या ओळीत एकही शब्द जमला नाही तर तिथेच प्रेमाने थांबा. अशा मुलाची आधी अक्षरओळख तपासायला हवी.

चूक कशाला म्हणायचे, हे आधी ठरलेले नसेल तर दोन शिक्षकांचे गुण कधीच जुळणार नाहीत. चुकीचा वाचलेला शब्द आणि गाळलेला शब्द या चुका. मूल तीन सेकंद अडले तर शब्द आपण सांगायचा, तीही चूक. अशा शब्दांवर काट मारा. पण चुकून लगेच स्वतःच सुधारले, तर शब्द बरोबर धरा. पुन्हा वाचलेला शब्द किंवा पदरचा घातलेला शब्द मोजू नका, त्यात वेळ गेलेलाच असतो. घरच्या बोलीत 'पाणी'चे 'पानी' झाले तरी चूक नाही, कारण मुलाने शब्द ओळखलेला आहे.

काट मारताना मुलाने प्रत्यक्ष काय म्हटले तेही वर लिहा. घाईत हेच राहून जाते, आणि पुढे काय शिकवायचे ते तर त्यातूनच कळते.

आता प्रश्न. पाच पुरेत : तीन सरळ उताऱ्यात उत्तर असलेले, दोन विचार करायला लावणारे. 'राजूने पिल्लाला कशाने पुसले?' हा सरळ प्रश्न. 'पिल्लू का कुडकुडत असेल?' याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही. पुसण्यावरून ते भिजले असावे, हे मुलाने जोडायचे असते. 'थंडी वाजत होती' हेही बरोबर. मूल जिथपर्यंत पोचले तिथपर्यंतचेच प्रश्न विचारा. उतारा मी समोरच ठेवते, नाहीतर समजेऐवजी स्मरणशक्ती तपासली जाते. कोणी काढूनही घेतात. जे कराल ते दर वेळी तसेच करा.

गुणपत्रक एवढेच :

नाव, तारीख, उतारा क्रमांक
वाचलेले शब्द : 46
चुका : 6
मिनिटाला अचूक शब्द : 40
विचारलेले प्रश्न : 4, बरोबर : 3
नोंद : 'रस्त्याच्या'चे 'रसताच्या', 'त्याने'चे 'ताने'

हे दुसरीतल्या एका मुलीचे पत्रक. सहापैकी चार चुका जोडाक्षरांच्या होत्या, एक शब्द गाळला आणि एक मी सांगितला. अडखळत का होईना, तिला गोष्ट कळली होती. तिला भरभर वाचायला लावून काही साधणार नाही. दोन आठवडे रोज पाच-सहा जोडाक्षरी शब्द फोडून वाचायचे, मग ते वाक्यात वाचायचे, एवढेच तिच्यासाठी ठरवले.

तिच्याच वर्गातल्या एका मुलाने सगळे 60 शब्द 50 सेकंदांत संपवले, चुका फक्त 2. उतारा मिनिटाच्या आत संपला तर अचूक शब्दांना 60 ने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागायचे : 58 × 60 ÷ 50, म्हणजे जवळजवळ 70. पण पाच प्रश्नांपैकी एकच बरोबर. पूर्णविरामाशी तो थांबतच नव्हता. नुसता वेग पाहिला असता तर तो वर्गातला उत्तम वाचक ठरला असता. त्याला आम्ही दर दोन वाक्यांनंतर थांबून 'काय झालं?' ते आपल्या शब्दांत सांगायला लावले.

एका उताऱ्यावरून निकाल लावू नका. विषय ओळखीचा निघाला की आकडा वर जातो. पहिल्या वेळी सारख्याच अवघड अशा तीन उताऱ्यांवर वाचून घ्या आणि मधला आकडा धरा : 34, 40, 43 आले तर 40. पुढची तपासणी महिनाभराने, त्याच पातळीच्या नव्या उताऱ्यावर करा. पत्रक मात्र जुन्याच कागदाला टाचा, म्हणजे जोडाक्षरांच्या चुका चारवरून किती उरल्या ते एका नजरेत दिसेल.