मिक्सरच्या भांड्यातला लसणाचा वास आणि धुरकट पाती: काय धुवायचं, कशाने धुवायचं

शनिवारी संध्याकाळी वडापावसाठी सुक्या खोबऱ्याची, लसणाची लाल चटणी केली. भांडं साबणाने दोनदा घासलं, पालथं घातलं. रविवारी सकाळी त्याच भांड्यात मुलांसाठी आंब्याचं मिल्कशेक फिरवलं आणि पहिल्याच घोटाला सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला लसणाचा वास येतोय." हापूसचा आंबा आणि लसूण! सगळं ओतून द्यावं लागलं. आंबा महाग असताना हे फार जिवाला लागतं.

त्या दिवशी भांडं पुन्हा घासण्याऐवजी मी त्याचे भाग सुटे करून एकेक हुंगून पाहिला. स्टीलच्या भांड्याला जवळजवळ वास नव्हता. झाकणाला थोडा होता. पण झाकणाच्या कडेचं रबर काढून नाकाशी धरलं, तर चटणी आत्ताच वाटल्यासारखा वास आला. तुमच्याकडेही आधी एवढंच करून बघा, कारण बहुतेक घरांत आपण घासतो स्टील आणि वास बसलेला असतो रबरात.

लसूण अख्खा असताना त्याला फारसा वास नसतो. तो ठेचला की त्यातल्या विकरामुळे ॲलिसिन तयार होतं आणि ते मोडून गंधकाची उग्र वासाची द्रव्यं बनतात. ही द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, त्यामुळे वास तेलात उतरतो आणि ते तेल रबराला लागतं. स्टील काही शोषत नाही, रबर शोषतं. म्हणून हिरव्या चटणीपेक्षा ही लाल चटणी जास्त त्रास देते. पाण्याने नुसतं विसळून ती जात नाही, तेही याच कारणाने.

आधी तेल काढा, मग पाणी लावा

चटणी काढून झाली की भांडं लगेच नळाखाली धरू नका. शिळ्या पावाचे दोन-तीन तुकडे टाका आणि दहा-पंधरा सेकंद कोरडेच फिरवा. पाव पात्यांखालची चटणी आणि तेल दोन्ही ओढून घेतो. हा लाल चुरा टाकायचा नाही, कांद्यावर परतला की मस्त लागतो. पाव नसेल तर मूठभर पोहे चालतात.

मग भांडं एक तृतीयांश भरेल एवढं कोमट पाणी घ्या, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाका, झाकण लावून हाताने दाबून धरा आणि थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवा. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम हवं. उकळतं पाणी बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. अगदी गार पाणीही नको. खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबईतही पहाटेचं नळाचं पाणी तेवढं गार असू शकतं. गोठलेलं तेल पात्याखाली तसंच चिकटून राहतं.

आता भांडं मिक्सरवरून काढून जुन्या टूथब्रशने पात्यांच्या खालची जागा घासा. पात्याचा नट आणि भांड्याचा तळ यांच्या मधल्या फटीत चटणीची बारीक कड राहते. स्पंज तिथे पोचत नाही. बोटं घालू नका, वापरून वापरून बोथट वाटणारं पातंसुद्धा कापतं.

रबर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चमच्याच्या मागच्या टोकाने रबर एका जागी उचललं की पूर्ण निघतं. सुरी वापरू नका, रबराला चीर पडली की झाकणातून गळायला लागतं. रबर काढल्यावर झाकणाच्या खाचेत काळपट-लाल रेघ दिसेल. ती टूथब्रश आणि साबणाने काढा.

रबर आधी साबणाने धुवा. मग एका वाटीत कपभर गरम पाणी घ्या, त्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि रबर त्यात तासभर बुडवून ठेवा. रबर पांढरं, मऊ सिलिकॉनचं असेल तर पाणी उकळतं घेतलं तरी चालतं. काळ्या साध्या रबराला मात्र उकळतं पाणी देऊ नका, ते सैल होतं. धुण्याचा सोडा इथे नको. तो बराच तीव्र असतो आणि भांड्याचा कुठलाही भाग ॲल्युमिनियमचा असेल तर तो काळा पडतो.

सोड्याने निम्मं काम होतं. उरलेलं ऊन करतं. रबर आणि झाकण वेगवेगळं करून खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन-तीन तास उन्हात ठेवा. उष्णतेने रबरात मुरलेली द्रव्यं हळूहळू उडून जातात. झाकणावर हळदीचा पिवळेपणा असेल तर तोही उन्हाने फिका पडतो. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सोड्याचं पाणी पुन्हा करा. माझ्या रबराला दोन वेळा करावं लागलं.

दोनदा करूनही वास तसाच असेल, किंवा रबर दाबल्यावर चिकट लागत असेल, तर ते बदला. मिक्सर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. जाताना झाकण बरोबर न्या, कारण माप डोळ्यांनी कळत नाही आणि सैल रबर कामाचं नाही.

सगळं करूनही वास येतो तेव्हा

मग भांड्याच्या तळाकडे बघा. पातं ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा तळातल्या बुशमधून खाली जातो. बुशचं सील झिजलं की चटणीचं पाणी त्यात झिरपतं आणि तिथेच कुजतं. तो वास लसणाचा नसतो, आंबूस असतो. तपासायला सोपं आहे: भांडं अर्धं पाण्याने भरा, कोरड्या वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद मधोमध ओला झाला किंवा त्यावर काळा डाग पडला, तर सील गेलं आहे. मग सोडा, लिंबू कशाचाही उपयोग नाही, बुश बदलून घ्या. याच कारणासाठी भांडं रात्रभर पाणी भरून किंवा पाण्यात बुडवून ठेवू नका. त्याने बुशमधलं ग्रीस निघून जातं आणि चांगलं सीलही खराब होतं.

धुरकट पाती

पात्यांवरचा पांढुरका थर एकाच प्रकारचा नसतो. एक थर तेल आणि पिठाचा असतो. शेंगदाणे, खोबरं, डाळी वाटून वाटून तो साचतो. दुसरा पाण्यातल्या क्षारांचा. धरणांतून येणारं महापालिकेचं पाणी तसं मऊ असतं, पण आमच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि टाकीत बोअरचं पाणी मिसळतं. त्या दिवसांत नळाच्या तोटीवर जसे पांढरे डाग दिसतात तसेच पात्यांवरही दिसतात.

कोणता थर आहे हे कळायला कापसाच्या काडीने पात्याच्या सपाट भागावर व्हिनेगरचा थेंब लावा. पाच मिनिटांनी पुसा. तिथे चकचकीत ठिपका उमटला तर क्षार आहेत. काहीच फरक पडला नाही आणि पाण्याचे थेंब पात्यावरून मण्यांसारखे घरंगळतात, तर वर तेल आहे. माझ्या पात्यांवर दोन्ही थर होते, खाली क्षार आणि वर तेल. म्हणून पहिल्यांदा नुसतं लिंबू चोळलं तेव्हा काही झालं नाही. तेलाखाली आम्ल पोचतच नव्हतं.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, टूथब्रशने पात्यांना लावा, दहा मिनिटांनी घासून स्वच्छ धुवा. त्यानंतर कपभर कोमट पाण्यात छोटा चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवा, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबाचं फूल. पाती बुडतील एवढंच ते पाणी भांड्यात घाला. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, दोन पाण्यांनी धुवा आणि लगेच फडक्याने पुसा. ओलं तसंच वाळू दिलं तर त्याच पाण्याचे क्षार पुन्हा बसतात. सायट्रिक ॲसिड नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. खूप फेस येतो, त्यामुळे काम होतंय असं वाटतं. पण तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. मागे उरतं जवळजवळ साधं खारट पाणी. आधी एक, मधे धुणं, मग दुसरं.

ब्लीचही नको. त्यातल्या क्लोरीनमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. मिठाची चटणी रात्रभर भांड्यात ठेवली तरी हळूहळू तेच होतं. तारेची घासणीही टाळा, तिचे लोखंडी कण पात्याला चिकटून गंजतात आणि आपल्याला वाटतं पातंच गंजलं.

एवढं करूनही पातं मंद दिसत असेल आणि उजेडात तिरपं धरल्यावर बारीक रेघा दिसत असतील, तर ते ओरखडे आहेत. जाडं मीठ, अख्खी हळद अशा कडक वस्तू वाटताना ते पडतात. ते जात नाहीत आणि त्याने वाटण्यात फरकही पडत नाही. घासत बसू नका.

शेवटची तपासणी

तासभर लसणात वावरलेल्या नाकाला वास कळत नाही. मी असं करते: सगळं कोरडं झाल्यावर रबर बसवते, भांड्यात दोन चमचे साखर टाकून पिठीसाखर करते, झाकण लावून अर्धा तास तशीच ठेवते आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चाखायला देते. साखर उरलेला वास चटकन दाखवते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी चिमूट तोंडात टाकून मान हलवली, "अजून आहे." रबर पुन्हा सोड्यात गेलं, मग दुपारभर ग्रिलमध्ये. दुसऱ्या दिवशी साखर नुसती गोड लागली आणि संध्याकाळी राहिलेल्या दोन आंब्यांचं मिल्कशेक झालं.

आता चटणीसाठी झाकणाचं एक वेगळं रबर आणून ठेवलंय. चटणी वाटायची तेव्हा ते लावते, एरवी ते ओट्याच्या खिडकीत खिळ्याला लटकलेलं असतं.