कॉमेंटमध्ये ‘का’ लिहा

‘टाइमआउट ६५ सेकंद केला’ ही कॉमेंट निरुपयोगी आहे, कारण आकडा कोडमध्ये दिसतोच. पुढचा माणूस तो जास्त वाटून ५ वर आणतो आणि जुना बग परततो. म्हणून कारण आणि मर्यादा लिहा:

```js
// लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन 60 सेकंद धरतो.
// सर्व्हरने ते आधी तोडलं तर अधूनमधून 502 येतो.
// म्हणून 60 पेक्षा जास्तच ठेवा.
server.keepAliveTimeout = 65000;
```

कमिटच्या पहिल्या ओळीत ‘टाइमआउट बदलला’ऐवजी ‘अधूनमधून येणारा 502 थांबवला’ लिहा. एक ओळ मोकळी सोडून खाली लक्षण, कारण आणि करून पाहिलेला पण न चाललेला उपाय द्या. हा शेवटचा भाग सहसा राहतो, आणि नंतर नेमका तोच लागतो.

शेवटच्या कमिटचा मेसेज `git commit --amend` ने सुधारता येतो. मात्र सामायिक ब्रँचवर पुश झालेल्या कमिटला हात लावू नका, त्याचा हॅश बदलतो आणि इतरांची हिस्टरी जुळेनाशी होते. तिथे कारण कॉमेंटमध्ये टाकून नवा कमिट करा.