मोटर अँपिअरमध्ये, तरी जळते? डिरेटिंगच्या या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सँड प्लांटच्या बकेट एलिव्हेटरची मोटर दर उन्हाळ्यात रिवाइंडिंगला यायची. साडेसात किलोवॅट, चार पोल, नेमप्लेटवर १४ अँपिअर, इन्सुलेशन क्लास एफ, अँबियंट ४०. फोरमनचं म्हणणं एकच: "अँपिअर बराबर हाय की वो! क्लॅम्प लावून बघा." क्लॅम्प लावला तर खरंच १३.६ दाखवत होता. ओव्हरलोड रिले १४ वर लावलेला, त्यामुळे तो ट्रिप होण्याचा प्रश्नच नव्हता. मोटर मात्र जळत होती.

आता ही मोटर कुठे बसली होती ते पाहा. साचे फोडतात त्या शेकआउटवरून येणारी गरम वाळू एलिव्हेटर वर नेतो आणि मोटर त्याच्या डोक्यावर, पत्र्याच्या दोन हात खाली. खालची सगळी गरम हवा तिथेच जाऊन साठते. एप्रिलच्या दुपारी फॅन कव्हरच्या जाळीजवळ थर्मामीटर धरला तर ५४ अंश. खाली ऑफिसात बसून लोक ‘आज कोल्हापूरला ३८ आहे’ म्हणत होते.

डिरेटिंग म्हणजे गरम किंवा विरळ हवेत मोटरकडून प्लेटपेक्षा कमी लोड घेणं. त्यातली पहिली चूक ही. अँबियंट म्हणजे बातम्यांत सांगतात ते शहराचं तापमान नव्हे, शेडच्या दारात मोजलेलंही नव्हे. मोटरचा पंखा जी हवा आत ओढतो तिचं तापमान म्हणजे अँबियंट. ते मोजायचं असेल तर मोटर निदान दोन-तीन तास लोडवर चालू द्या. मग थर्मामीटर जाळीपासून थोडा अलीकडे, फर्नेसची किंवा गरम वाळूची थेट धग लागणार नाही असा आडोशाला धरा. वर्षातला सर्वात वाईट दिवस आणि दुपारची वेळ धरायची. सकाळी आठचं रीडिंग घेऊन मोटर निवडली तर ती सकाळी आठलाच नीट चालेल.

दुसरी चूक नेमप्लेट अर्धवट वाचण्याची आहे. सर्वसाधारण मोटर ४० अंशांपर्यंतची हवा आणि समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंतची उंची गृहीत धरून बनवलेली असते. पण आपल्याकडे ४५ किंवा ५० अंश लिहिलेल्या मोटरीही सर्रास मिळतात. ५० ची प्लेट असलेल्या मोटरला ४० चा डिरेटिंग तक्ता लावून लोड पुन्हा कमी करणं म्हणजे फुकट पैसे घालवणं. त्याहून जास्त गोंधळ क्लासचा होतो, म्हणून हा हिशेब एकदा सावकाश करू.

क्लास एफ म्हणजे वायंडिंगच्या सर्वात गरम जागी १५५ अंश चालतात. रेझिस्टन्सवरून आपण मोजतो ते सरासरी तापमान, म्हणून गरम जागेसाठी १० अंश सोडायचे. उरले १४५. हा आपला खिसा. त्यातून आधी हवा वजा करा: ४० ची हवा असेल तर १०५ उरतात. एफ क्लासच्या मोटरला फुल लोडवर एवढी तापमानवाढ चालते ती यामुळेच. हवा ५४ झाली की ९१ उरतात. मोटर तीच, पंखा तोच, पण तापायला जागा १४ अंशांनी कमी.

पण बऱ्याच कंपन्या इन्सुलेशन एफचं देतात आणि फुल लोडवरची वाढ बी क्लासच्या मर्यादेत, म्हणजे ८० अंशांतच ठेवतात. अशी मोटर ५४ च्या हवेत चालवली तर ५४ अधिक ८० म्हणजे १३४. अजून १४५ च्या आत! म्हणजे तिला डिरेट करायची गरज नाही. ४० च्या हवेच्या तुलनेत आयुष्य निम्म्याहूनही कमी होईल, कारण दर १० अंशांमागे इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. पण ती जळणार नाही. अर्थात ही सवलत एकदाच मिळते. उन्हाळ्यासाठी वापरली की कमी व्होल्टेज, असमतोल फेज किंवा ओव्हरलोड यांच्यासाठी काही उरत नाही. ऑर्डर देताना ‘क्लास एफ, वाढ बी’ असं स्पष्ट लिहून घ्या, आणि मग कंपनीचा तक्ता कोणत्या वाढीवर बेतलाय तेही विचारा.

आमच्या एलिव्हेटरची मोटर बऱ्याच वेळा रिवाइंड झालेली होती, म्हणून प्लेटवर काय लिहिलंय यापेक्षा आत काय चाललंय ते मोजणं भाग होतं. पद्धत सोपी आहे. सकाळी मोटर पूर्ण थंड असताना दोन ठराविक टर्मिनलमधला रेझिस्टन्स आणि तेव्हाचं तापमान लिहून ठेवायचं. दुपारी लोडवर तापल्यावर मेन बंद करून, लॉक लावून, त्याच दोन टर्मिनलवर पुन्हा मोजायचं. पहिलं रीडिंग ३० सेकंदांच्या आत मिळालं पाहिजे, कारण तांबं भराभर निवतं. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, चार वायरींचा लो-ओहम मीटर लागतो. सूत्रात R1, T1 म्हणजे सकाळचा रेझिस्टन्स आणि तापमान, R2, T2 म्हणजे दुपारचे.

```
T2 = (R2 / R1) × (235 + T1) − 235
```

सकाळी ३० अंशांना १.६० ओहम, दुपारी २.३४ ओहम. हिशेब केला तर वायंडिंग १५२ अंशांच्या पुढे. हवा ५४, म्हणजे वाढ ९८ च्या वर. वाढ स्वतः एफच्या मर्यादेत आहे, करंट प्लेटच्या आत आहे आणि तरी १४५ ची रेघ ओलांडली आहे. फोरमन खोटं बोलत नव्हता, फक्त अँपिअर हे तापमान नव्हे.

तिसरी चूक त्याच्याच पुढची: डिरेट कागदावर करायचं आणि रिले जुन्याच आकड्यावर ठेवायचा. ओव्हरलोड रिले असतो पॅनेलमध्ये, आणि पॅनेल असतं खाली गार खोलीत. वरच्या ५४ अंशांची त्याला खबर नसते. तो फक्त करंट बघतो. या मोटरला ५४ अंशांत साधारण नव्वद टक्के लोडच झेपतं. हे कसं काढलं? तापायची जागा १०५ वरून ९१ झाली, म्हणजे ८७ टक्के. लोड कमी केल्यावर तांब्यातला लॉस वर्गाच्या प्रमाणात उतरतो, पण लोखंडातला आणि घर्षणाचा लॉस उतरत नाही. तो सुमारे एक तृतीयांश धरला तर लोड ८९-९० टक्क्यांवर येतं. कंपन्यांचे तक्तेही ५५ अंशांना याच्या आसपासच असतात. तेव्हा रिले १३ च्या खाली आणायला हवा होता. खरी राखण करायची असेल तर वायंडिंगमध्ये थर्मिस्टर टाकून घ्या. रिवाइंडिंगच्या वेळी हे काम स्वस्तात होतं, आणि हवा, धूळ, लोड यांपैकी कशामुळेही वायंडिंग तापलं तरी तो ओळखतो.

एक जाता जाता. ‘क्लास एचची वायर टाकलीय, आता चिंता नको’ असं ऐकलं तर स्लॉटचा कागद आणि व्हार्निश कोणत्या क्लासचं आहे ते विचारा. सगळ्यात कमजोर जो माल, तोच त्या वायंडिंगचा क्लास. आणि बेअरिंगचं ग्रीस तर यातल्या कोणत्याच हिशेबात नाही.

मोठी मोटर घ्यायची तर ७.५ ला ०.९ ने भागून ८.३ येतात, म्हणजे बाजारात ९.३ किंवा ११ किलोवॅट. ११ ची घेतली की फ्रेम १३२ ची १६० होते, शाफ्ट ३८ मिलिमीटरचा ४२ होतो, पुली नवी आणि बेसप्लेटही नवी. फाउंड्रीवाल्यांनी आधी स्वस्तातलं केलं: फिन्समध्ये बसलेली तेलकट वाळू खरवडून काढली, एलिव्हेटर आणि मोटर यांच्यामध्ये पत्रा उभा केला आणि बाहेरची हवा डक्टने पंख्याजवळ आणली. जाळीजवळची हवा ४६ वर आली. दुपारचं रीडिंग २.२५ ओहम, म्हणजे वायंडिंग १३८ अंश. मोटर तीच राहिली.

आता उंची. ‘आमचं गाव उंचावर आहे, डिरेट करू का?’ असं विचारणारे भेटतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पन्हाळासुद्धा हजाराच्या आत. इथे उंचीपोटी एक टक्काही सोडायचा नाही. हजार मीटरपर्यंतची विरळ हवा मोटरच्या रेटिंगमध्ये आधीच धरलेली आहे.

त्याच्या पुढे मात्र खरा फरक पडतो. पंखा तेवढ्याच फेऱ्यांत तेवढीच घनफूट हवा फेकतो, पण त्या हवेचं वजन कमी असतं, आणि उष्णता वाहून नेतं ते वजन. साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येते. आयईसी ६००३४-१ या मानकाचा ठोकताळा असा आहे की हजारच्या वर दर १०० मीटरला, तापमानवाढीच्या मर्यादेच्या एक टक्का इतकी हवा गार असायला हवी. एफ क्लासला तो १.०५ अंश होतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर. साडेतीनशे मीटर जादा, म्हणजे पावणेचार अंश. हवा ३६ च्या आत असेल तर फुल लोड चालेल.

इथेच चौथी चूक होते. उंचीच्या तक्त्यातला गुणक घेतात आणि विसरतात की तो ४० अंशांच्या हवेसाठी दिलेला आहे. इथून एखादा काँक्रीट मिक्सर लेहला जाणार आहे असं धरा. लेह साधारण ३५०० मीटरवर. अडीच हजार मीटर जादा, म्हणजे २६ अंश. तिथे उन्हाळ्यात शेडमधली हवा ३० धरली तर खिशातल्या १४५ मधून ३० गेले, २६ गेले, ८९ उरले. मघाच्याच पद्धतीने लोड ८८ टक्क्यांच्या आसपास बसतं. ४० चा गुणक सरळ लावला असता तर आठ-दहा टक्के मोटर उगाच मोठी झाली असती. उलट तीच मोटर १४ अंशांच्या हवेत पूर्ण लोड घेईल, पण काम फक्त थंडीत आहे अशी खात्री असेल तरच त्यावर विसंबा. आणि पॅनेलमधल्या काँटॅक्टर, ब्रेकरची उंचीची मर्यादा सहसा २००० मीटर असते, ती वेगळी तपासा.

मिक्सरला हा हिशेब लागू, कारण काँक्रीटचं वजन लेहमध्येही तेवढंच. एग्झॉस्ट फॅनचं तसं नाही. विरळ हवेत फॅनला लागणारी ताकदही घनतेच्या प्रमाणात घटते. दहा किलोवॅट घेणारा फॅन तिथे सातच्या आसपास घेईल, म्हणजे त्याची मोटर डिरेट होण्याआधीच रिकामी पडलेली असते. मात्र फॅनने नेमकी किती किलो हवा ओढायची हे ग्राहकाने ठरवून दिलं असेल तर फेऱ्या वाढवाव्या लागतात, आणि मग ही सवलत गेली.