टोपणनाव घेण्याआधीची तयारी (एकदा फसलेल्या माणसाकडून)

आमच्या मंगळवार पेठेत माझ्याच नावाआडनावाचे आणखी तिघे आहेत. एकाची पिठाची गिरणी आहे, एक वकील आहे आणि एकाचं पार्सल वर्षातून दोनदा माझ्याकडे येतं. म्हणून मी 'उन्हाळकर' झालो. नाव शोधायला तीन महिने घालवले आणि त्या नावामागे मी आहे हे सांगणारा कागद करायला तीन मिनिटं दिली नाहीत. ही यादी त्या कागदासाठी आहे, बाकीचं ओघात येईल.

नाव निवडताना कोल्हापूर, पंचगंगा, रांगडा, करवीर हे शब्द आधीच झिजलेत, ते सोडा. बाबूराव मेस्त्रींना 'पेंटर' शोभलं, कारण ते खरंच पडदे रंगवायचे. निवडलेलं नाव नेटवर देवनागरीत शोधा, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून, मग इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी. त्या नावाचा दुसरा लेखक किंवा गायक निघाला तर हट्ट नको. नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे 'आधी मला सुचलं' म्हणून उपयोग नाही. कोण ते नाव आधीपासून वापरतंय आणि लोक त्या नावाने कोणाला ओळखतात, हे बघितलं जातं. ट्रेडमार्क नोंदवता येतो, एका माणसाला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गाला ४,५०० रुपये, छापील पुस्तकांसाठी वर्ग १६ आणि कार्यक्रमांसाठी ४१. पण नावावर पैसे सुरू झाल्याशिवाय या भानगडीत पडू नका. गॅझेटमध्ये नाव बदलायची तर अजिबातच गरज नाही. ते खरं नाव बदलणाऱ्यांसाठी असतं, आपल्याला खरं नाव शाबूत ठेवायचंय.

आता कागद. दिवाळी अंकाचं अडीच हजारांचं मानधन 'उन्हाळकर' या नावाच्या चेकने आलं. शाहूपुरीतल्या बँकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी चेक उलटा केला, सुलटा केला. "हे कोण?" मी म्हटलं, "मीच." "कशावरून?" आधार, पॅन, पासबुक, सगळ्यावर गिरणीवाल्याचं आणि माझं सामाईक नाव. चेक परत. अडीच हजारांचंच होतं म्हणून मी हसून सोडून दिलं. तिथेच शहाणा व्हायला हवं होतं.

२०१७ साली कथासंग्रह आला. करारावर मी झोकात 'उन्हाळकर' अशी सही ठोकली, खाली पत्ता, बस्स. खरं नाव कुठेच नाही. पुढे प्रकाशक वारले, धंदा मुलाकडे आला, दुसरी आवृत्ती निघाली. मी रॉयल्टी मागितली तर तो शांतपणे म्हणाला, "काका, वडिलांनी उन्हाळकरांशी करार केलाय. तुम्ही उन्हाळकर आहात हे मला कसं कळणार?" पोरगा लबाड नव्हता. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हस्तलिखितं, जुने ईमेल, संपादकाने माझ्या खऱ्या नावावर पाठवलेलं एक आंतरदेशीय पत्र, एवढं गोळा करायला आठ महिने गेले.

वकिलाकडून मग कळलं ते आणखी झोंबलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५४ नुसार, टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाबाबत कोर्टात दाद मागायची वेळ आली की मालक म्हणून प्रकाशकाला धरलं जातं. लेखक आणि प्रकाशक मिळून खरं नाव जाहीर करेपर्यंत, किंवा लेखकाने ते कोर्टात सिद्ध करेपर्यंत, हे असंच चालतं. कॉपीराइटच्या मुदतीचंही तसंच. लेखकाची ओळख उघड नसेल तर प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे माझ्या पुस्तकाला २०७७ च्या अखेरपर्यंत. त्याआधी ओळख उघड झाली तर मृत्यूनंतर ६० वर्षं. समजा मी २०५५ मध्ये गेलो, तर २११५ पर्यंत. मधली अडतीस वर्षं पोराबाळांची, आणि ती एका ओळीवर टांगलेली.

ती ओळ करारात पहिल्याच परिच्छेदात घाला: 'श्री. अमुक तमुक, राहणार कोल्हापूर, जे "उन्हाळकर" या टोपणनावाने लेखन करतात (यापुढे "लेखक")'. खाली खऱ्या नावाची सही, शेजारी हवी तर टोपणनावाची. नाव गुप्त ठेवायचं असेल तरी घाला. करार प्रकाशकाच्या कपाटात राहतो, मुखपृष्ठावर येत नाही. हवं तर गुप्ततेचं कलमही त्यातच टाका. करार करतच नाही, तोंडी चाललंय? मग नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा, की अमुक सालापासून या नावाने प्रसिद्ध झालेलं लेखन माझं आहे, आणि सोबत यादी. ते करताना पहिलं प्रसिद्ध झालेलं कात्रणही जोडा. साहित्यकृतीची कॉपीराइट नोंदणी ५०० रुपयांत होते आणि त्या नोंदणीचा उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. फक्त ते रजिस्टर कुणालाही बघता येतं, तेव्हा लपून लिहिणाऱ्यांनी विचार करून जा. पण करारातली ओळ? ती सगळ्यांनी, नेहमी, प्रत्येक करारात. मागच्या करारात होती म्हणून या करारात वगळू नका.

पैसे खऱ्या नावाने घ्या. संपादकाला लेख पाठवतानाच खाली लिहा: 'छापायचं नाव हे, चेकवरचं नाव ते.' पॅन द्या, नाहीतर टीडीएस कापायची वेळ आली की थेट वीस टक्के जातात.

स्टेजवाल्यांचं थोडं वेगळं. आमचा एक मित्र ऑर्केस्ट्रात गातो. आयोजकाने मुंबईच्या कार्यक्रमासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट पोस्टरवरच्या नावाने काढलं. टीसीला ओळखपत्र दाखवलं त्यावर दुसरंच नाव. विनातिकीट धरून दंड झाला, आणि वर डब्यातल्या लोकांनी गाणं म्हणायला लावलं. तिकीट, हॉटेल, मानधनाची पावती, सगळं आधारवरच्या नावाने. दुसरं म्हणजे, पार्टीच्या मालकाने तुम्हाला नाव दिलं असेल तर पार्टी सोडल्यावर ते कोणाचं, हे आधी लिहून घ्या. तेही कागदावर. चहाच्या टपरीवर ठरलेलं धरत नाहीत.

बाकीचं भराभर. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम वाचा. टोपणनाव घेतलं म्हणून ते लागू व्हायचे थांबत नाहीत. कुणाची बदनामी केलीत तर टोपणनाव वाचवत नाही, पोलिसांना प्रकाशकाकडून नाव मिळतंच. स्वतः प्रकाशित करत असाल तर आयएसबीएन फुकट मिळतो, अर्ज खऱ्या नावाने. ईमेल आणि सोशल मीडियाची खाती टोपणनावाने आजच उघडा. घरच्यांना टोपणनाव सांगा, निदान एकाला. आणि करारात ती ओळ आहे का, सही करण्याआधी परत एकदा बघा. माझी फाइल आता देवघराखालच्या खणात आहे, मुलीला दाखवून ठेवलीय.